सातूची गोष्ट: कांद्याच्या गोंड्यांमधल्या नोंदी

१० जानेवारी

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी मधमाश्यांची गोष्ट लिहायची, २४ पानांची, निम्म्या पानांवर चित्रं. चित्रं मैत्रीण काढणार. काम कबूल करून आठवडा झाला आणि अजून एकच गोष्ट ठरली आहे: सूर्यफूल नको. मधमाशी म्हटली की चित्रात सूर्यफूल येतं, मागे डोंगर, वर हसरा सूर्य. पण आमच्या भागातल्या पोरांच्या डोळ्यांसमोर दर हिवाळ्यात काय असतं? कांद्याचे डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे. संगमनेर तालुक्यात मामांचं अर्धा एकर कांदा बीजोत्पादन आहे. तीच जागा घ्यायची.

कांदा बियाण्यापासून येतो, हे पोरांना ठाऊक असतं. ते बियाणं कुठून येतं म्हटलं की उत्तर ठरलेलं, "दुकानातून." दुकानाच्या आधी काय होतं, तिथेच माझी गोष्ट आहे. निवडलेले कांदे दिवाळीच्या आसपास पुन्हा जमिनीत लावतात. त्यांना पोकळ दांडे फुटतात आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला पांढरा गोल गोंडा येतो. त्यात काळं बी धरतं. धरलं तर.

त्या "तर"मध्ये माशी आहे. गोष्टीची पहिली ओळ आज लिहून ठेवली:

"सातूचा जन्म मेणाच्या एका सहाकोनी खोलीत झाला, आणि जन्मल्याबरोबर तिनं पहिलं काम केलं ते तीच खोली झाडायचं."

सातेरी माशी म्हणून सातू. झाडाच्या ढोलीत किंवा दगडी बांधाच्या पोकळीत एकामागे एक पोळी बांधते ती आपली सातेरी. पेटीत राहायलाही तयार असते.

१६ जानेवारी

मामांच्या शेतात. दांडे कमरेपर्यंत आलेत. गोंड्यांवर अजून कागदासारखा पातळ पापुद्रा आहे, काही ठिकाणी तो फाटून आतल्या कळ्या दिसतात.

मच्छरदाणीच्या कापडाच्या तीन पिशव्या शिवून नेल्या होत्या. न फुललेल्या तीन गोंड्यांवर त्या चढवल्या आणि खाली सुतळीनं सैल बांधल्या. शेजारच्या तीन गोंड्यांना नुसती लाल लोकर बांधली, म्हणजे बी काढताना ओळखू येतील. माशी न आल्यास काय होतं, ते गोष्टीत लिहिण्याआधी मला स्वतःला पाहायचं आहे.

पिशवी गोंड्याला टेकू नये म्हणून आत तारेची कडी लागते. हे घरी सुचलं नाही, शेतात सुचलं. मामांनी कुंपणाची तार तोडून दिली. वर म्हणाले, "तीन गोंडे वाया घालवलेस म्हण की." हिशेब ठेवलाय त्यांनी.

२३ जानेवारी, रात्री

पेट्या आल्या. मधपाळ अकोले तालुक्यातले, घाटाकडचे, त्यांच्याकडे सातेरीच्या वसाहती आहेत. अर्ध्या एकराला दोन पेट्या भाड्यानं ठरल्या होत्या. टेम्पो साडेनऊला बांधावर लागला. प्रवास रात्रीच का, हे मी विचारलं. दिवसा पेटी उचलली तर चरायला गेलेल्या माश्या मागेच राहतात. अंधार पडला की सगळ्या घरात असतात, तेव्हा दाराला जाळी लावायची आणि निघायचं.

पेटीला कान लावला. आतून जो आवाज येतो त्याला गुणगुण म्हणवत नाही. भांड्यात दूध तापायला लागलं की उकळीआधी जी घरघर ऐकू येते, तसा.

मधपाळांनी पेट्या बाभळीच्या सावलीच्या कडेला ठेवल्या, दारं पूर्वेकडे. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. जाळी काढली ती दिवे विझवल्यावरच. मग शेताकडे बॅटरी मारून गोंड्यांवरून फिरवली आणि मामांना म्हणाले, "दादा, घाई केली तुम्ही. शंभरात तीन-चार फुलं तरी उमललीत का? मी दहा म्हटलो होतो."

मामा म्हणाले, टेम्पो आज स्वस्तात मिळत होता.

२४ जानेवारी

पहाटेपासून पेटीसमोर गोणपाटावर बसून. आज जे पाहिलं ते गोष्टीच्या तिसऱ्या पानावर जसंच्या तसं जाणार:

"सातू दारात आली आणि थबकली. कालचा आंबा नव्हता. कालची विहीर नव्हती. ती उडाली, पण लांब गेली नाही. घराकडे तोंड करून हवेतच डावीकडे-उजवीकडे झुलली. दार, दाराखालचा निळा पत्रा, बाजूची बाभूळ. मग थोडा मोठा गोल, मग त्याहून मोठा. घर पाठ झाल्यावरच तिनं शेताकडे तोंड फिरवलं."

नव्या जागी आलेल्या माश्या खरंच अशा करतात. पेटीकडे पाठ न करता आधी तिच्यासमोर झुलतात. पेटी थोड्याच अंतरावर हलवली तर मात्र त्या जुन्या जागी परततात आणि रिकाम्या जमिनीवर घोटाळत राहतात. मधपाळांचा नियम साधा आहे: पेटी हलवायची तर तीन फूट, नाहीतर तीन किलोमीटर. मधलं काही नाही.

२९ जानेवारी

आज एकाच फुलासमोर दोन तास. भिंग आणलं होतं.

गोंडा म्हणजे एक फूल नाही, शेकडो फुलांचा जमाव आहे. मी एक मोजायला घेतला आणि तीनशे ऐंशीपर्यंत जाऊन सोडला. त्यातलं एक फूल म्हणजे बोटाच्या नखाहून लहान पांढरी चांदणी, सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, मधोमध हिरवट गोळा. त्या गोळ्यात तीन कप्पे, प्रत्येक कप्प्यात दोन बिया. म्हणजे एका फुलाला जास्तीत जास्त सहा बिया.

खरी गंमत पुढे आहे. फूल उमलतं तेव्हा त्याचे पुंकेसर एकेक करून फुटतात आणि परागकण बाहेर येतात. पण तेव्हा त्याच फुलातला मधला दांडा, ज्याच्या टोकावर पराग पडायला हवा, तो अजून ठेंगू असतो, एखाद मिलिमीटरचा. पराग घ्यायला तो तयारच नसतो. सगळे पुंकेसर वाळून गेल्यावर तो उंच होतो आणि टोकाला चिकट होतो. थोडक्यात, देण्याची वेळ एक आणि घेण्याची वेळ दुसरी. फुलाचा स्वतःचा पराग स्वतःला उपयोगी पडत नाही. दुसऱ्या, पुढे-मागे उमललेल्या फुलाचा हवा.

तो आणणार कोण? वाऱ्यावर भिस्त ठेवता येत नाही, कारण कांद्याचा पराग चिकट असतो, मक्यासारखा धुरळा होऊन उडत नाही. कुणीतरी पायी यायला हवं.

आणि येतं ते खरंच पायी येतं. माशी गोंड्यावर उतरते आणि त्यावरून चालते. जीभ प्रत्येक फुलाच्या तळाशी घालून रस पिते, पोट आणि छाती फुलांवर घासत जाते. तिच्या अंगावरचे केस साधे नसतात, पिसासारखे फाटे फुटलेले असतात, त्यात कण अडकतात. मधूनच ती थांबून अंग विंचरते आणि पराग मागच्या पायांच्या टोपलीत दाबून भरते. पण विंचरताना काही कण राहून जातात. ते राहून गेलेले कण पुढच्या उंच, चिकट दांड्यावर पुसले जातात.

अख्खी शेती या निष्काळजीपणावर चालते, असं मी वहीत लिहिलं आणि खोडलं. निष्काळजीपणा नव्हे. माशीला माहीतच नाही की असं काही चाललंय. ती आपल्या घरासाठी खाणं नेते आहे. फुलानं रस ठेवलाय तो तिनं चालावं म्हणून.

म्हणून ठरवलं: गोष्टीत "सातूनं शेतकऱ्याला मदत केली" हे वाक्य कुठेच येणार नाही. माझ्या मते अशा पुस्तकांमधली सर्वांत मोठी थाप तीच असते.

४ फेब्रुवारी

चित्रं आली. छान आहेत आणि तीन ठिकाणी चुकली आहेत. माशी पिवळीधमक, गुबगुबीत, परदेशी छायाचित्रावरून काढलेली. आपली सातेरी लहान, सावळी, पोटावर गडद पट्टे. दुसरं, घर उलट्या टोपलीसारखं, तेही परदेशी. आपल्याकडे लाकडी पेटी, आत चौकटी. तिसरं मला फार आवडलं होतं, तरी काढायला सांगितलं: राणीच्या डोक्यावर मुकुट.

मैत्रीण हिरमुसली. मुकुट नसला तर राणी ओळखायची कशी म्हणे. मी म्हटलं, पोट लांब काढ, पंख त्यामानाने तोकडे काढ, आणि भोवती सगळ्या माश्यांची तोंडं तिच्याकडे वळलेली काढ. मधपाळसुद्धा चौकट उचलून राणी अशीच शोधतात.

७ फेब्रुवारी

मामांचा फोन: "तुझ्या माश्या पळाल्या." मी पोचले तेव्हा पेट्या भरलेल्या होत्या, येजा जोरात होती. पळाल्या नव्हत्या. फक्त कांद्यावर नव्हत्या. वाफ्यातून दहा मिनिटं चालले तर जेमतेम पाच-सहा सातेरी दिसल्या, बाकी इवल्या फुलोरी माश्या आणि दोन-चार आग्या.

मधपाळ संध्याकाळी आले. त्यांनी आधी शेत पाहिलं नाही, पेटीच्या दाराशी उकिडवे बसले. परतणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांकडे बोट दाखवलं. टोपल्यांत भडक पिवळे गोळे. "मोहरी," ते म्हणाले. ओढ्यापलीकडे कुणाचा तरी मोहरीचा तुकडा आहे, पाऊण किलोमीटरवर. सातेरीला ते अंतर म्हणजे अंगण.

यात दोन गोष्टी एकत्र आल्या. एक, कांद्याचा रस माशीला फारसा रुचत नाही, कारण त्यात पोटॅशियम बरंच जास्त असतं. दुसरं भरपूर मिळालं तर ती कांदा सोडते. दोन, पेट्या लवकर आल्या. कांदा उमललेला नव्हता, तेव्हा माश्यांनी आजूबाजूला शोध घेतला आणि मोहरी सापडली. माशी एका फेरीत एकाच जातीच्या फुलांवर जाते, आणि एकदा एखादं फूल पाठ झालं की रस आटेपर्यंत दिवसेंदिवस तेच धरते. हाच तिचा गुण, ज्यामुळे कांद्याचा पराग कांद्यालाच पोचतो. आणि हाच मामांच्या मुळावर आला. शेत दहा टक्के फुलल्यावर पेट्या आल्या असत्या तर दारातून निघताच समोर कांदा असता आणि तोच पाठ झाला असता.

मामा गप्प. मग म्हणाले, "टेम्पोचे वाचले चारशे."

आता काय करायचं? मोहरी काही दुसऱ्याच्या रानात जाऊन कापता येत नाही. ती आठ-दहा दिवसांत ओसरेल, तोवर कांदा भर फुलावर येईल. पाण्याची पाळी चुकवायची नाही, कारण ताण बसलेल्या पिकाच्या फुलात रस कमी. पेट्यांजवळ उथळ ताटात गोटे टाकून पाणी ठेवायचं, म्हणजे माश्यांचा पाण्यासाठी लांब जायचा फेरा वाचतो. एवढंच.

गोष्टीला मात्र हे घबाड मिळालं. आतापर्यंत नाचाचं पान नुसतंच माहितीचं होतं, आता त्याला कारण आहे:

"आत अंधार होता. थोरली माशी पोळ्यावर सरळ वर चालली, पोट थरथरवत, बुर्रर्र. मग वळसा घालून खाली, पुन्हा वर, पुन्हा बुर्रर्र. सातू तिच्या मागोमाग पावलं टाकत गेली, मिशा तिच्या पाठीला लावून. सरळ वर, म्हणजे सूर्याकडे. बुर्रर्र लांबलचक, म्हणजे घर बरंच मागे पडेल. आणि थोरलीच्या अंगाला वास येत होता तो मोहरीचा."

नाच पाहायचा नसतो, अंधारात पाहणार काय. तो अंगाला लावून घ्यायचा असतो. मैत्रिणीला कळवलं की हे पान जवळजवळ काळं हवं. ही भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश, १९७३ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. त्यांचं नाव पुस्तकात घालायचं नाही असं ठरवलं. आठ वर्षांच्या वाचकाला त्याक्षणी सातूच पुरे.

१२ फेब्रुवारी

गावातल्या शाळेत चौथीला अर्धी गोष्ट वाचून दाखवली. पोरं बराच वेळ गप्प होती, ही चांगली खूण. मग प्रश्न आले. जसे आले तसे:

"राणी हुकूम देते का?" देत नाही. ती अंडी घालते, आणि तिच्या अंगच्या वासावरून सगळ्यांना कळत राहतं की राणी आहे. काय करायचं ते ज्या त्या माशीचं वय आणि घराची गरज ठरवते.

"सातूचा बाप काय करतो?" नर माश्या पराग आणत नाहीत, मध आणत नाहीत, डंखही नसतो. त्यांचं काम दुसऱ्या वसाहतीच्या राणीशी जुळणं. वर्गातल्या मुलींना हे फार पटलं.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ हात वर करून होती. तिचे वडील पेट्या भाड्याने आणतात हे तिला माहीत होतं. तिनं विचारलं, "मग भाडं माशीला मिळतं का?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. भाडं मधपाळाला मिळतं, म्हटलं. माशीला रस मिळतो. "पण तो तर तिला आवडत नाही म्हणालात." बरोबर आहे. तो भाग तिनं नीट ऐकला होता.

१५ फेब्रुवारी

मोहरी ओसरायला लागली, कांदा भरात. गोंड्यावर सातेरी दिसायला लागल्या. दुपारी बांधावरून वाफ्यांकडे पाहिलं तर पांढऱ्या गोंड्यांवर सगळीकडे बारीक हालचाल होती.

आणि आजच शेजारच्या कांद्यावर सकाळी दहाला फवारणी झाली, फुलकिड्यांसाठी. बाराच्या सुमारास पेटीच्या दाराखालचा निळा पत्रा काळा दिसायला लागला. जवळ गेले तर मेलेल्या आणि मरत असलेल्या माश्या. काही पाठीवर पडून गोल गोल फिरत होत्या. मेलेल्यांपैकी बऱ्याच जणींची जीभ बाहेर आलेली, सरळ, ताठ. मधपाळांना फोनवर सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न तोच केला: "जीभ बाहेर आहे का?" उपासमारीत किंवा म्हातारपणानं मेलेल्या माश्या दारापाशी अशा एकदम ढिगानं आणि जीभ काढून पडत नाहीत.

शेजारच्यांना दोष द्यायला गेले होते, तिथे चहा पिऊन आले. त्यांचं म्हणणं असं: फुलकिडे पातीचा रस शोषतात, गोंड्यात शिरतात, बी पोचट होतं, ते मारायचे नाहीत तर काय. पेट्या आल्यात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मामांनी सांगितलं नव्हतं, मीही नाही. ठरलं ते एवढं: फुलं असेपर्यंत शक्यतो नाही, अगदीच गरज पडली तर सूर्य मावळल्यावर, आणि आदल्या दिवशी निरोप, म्हणजे मामा रात्री पेटीच्या दाराला जाळी लावतील. यानं धोका कमी होतो, जात नाही. काही औषधं फुलावर दुसऱ्या दिवशीही राहतात.

हे पान पुस्तकात घ्यायचं का? मैत्रीण नको म्हणते. मी घेतलं, चार ओळींत, ढीग न दाखवता: "त्या संध्याकाळी दारातल्या पहारेकरणी वाट बघत राहिल्या. खूपशा जागा रिकाम्या राहिल्या. सकाळी, ज्या कालपर्यंत बाळांना भरवत होत्या, त्यातल्या काही जणी दाराशी आल्या. त्यांचं अजून वय झालं नव्हतं. तरी त्या उडाल्या."

हे शेवटचं रचलेलं नाही. चरणाऱ्या माश्या कमी झाल्या तर घरातल्या तरुण माश्या लवकर बाहेर पडतात.

२० फेब्रुवारी

अडलं. हिशेब करत बसले होते आणि गोष्टीचा शेवटच हातातून गेला.

माझ्या आराखड्यात शेवटच्या पानावर सातू काळं बी पाहते. पण कामकरी माशी हंगामात साधारण सहा आठवडे जगते. पहिले काही दिवस खोल्या झाडणं, मग बाळांना भरवणं, मग मेण काढून पोळं बांधणं, आलेला रस घट्ट करणं, दारात पहारा. बाहेर पडते ती तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी. चरायला उरतात दोन-तीन आठवडे, आणि तेवढ्यात पंखांच्या कडा झिजून फाटतात. फूल उमलल्यापासून बी पक्व व्हायला मात्र साधारण दीड महिना लागतो. सातूनं ज्या फुलावर पराग पुसला, त्याचं बी पाहायला ती असूच शकत नाही.

दोन दिवस मी पळवाटा शोधल्या. दोन आठवड्यांत बी पिकवून टाकू, मुलांना काय कळतंय, हा एक मोह. सातूला दीर्घायुषी करू, हा दुसरा. मग भाड्याचा प्रश्न विचारणारी ती मुलगी आठवली. तिनं नक्की मोजलं असतं.

शेवटी उपाय नावातच सापडला. सातू ही एक माशी नाही. पान १४ वर पहिली सातू उडते, तिच्या पंखाची कड फाटलेली आहे. पान १५ वर एक नवी माशी मेणाची टोपी कुरतडून बाहेर येते आणि आपली खोली झाडायला लागते. "तिचं नावही सातू. या घरात सगळ्यांचं नाव सातूच होतं." नायिका पेटी आहे. माशी मरते, घर राहतं. मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवलं, ती थोडा वेळ बोलली नाही, मग म्हणाली पहिलं चित्र पुन्हा काढावं लागेल.

१ मार्च

पेट्या परत गेल्या. गोंडे हिरवे-तपकिरी व्हायला लागलेत, नवी फुलं थोडी राहिली. मधपाळांनी जायच्या आधी चौकटी उचलून दाखवल्या. मध नावाला. कांद्यानं माश्यांचं पोट भरलं असेल, साठा झाला नाही. आता पेट्या घाटाकडे जातील, तिथे जांभूळ फुलेल, नंतर हिरडा.

मामांना मी विचारलं, पुढच्या साली भाड्याची गरज पडू नये म्हणून काय? ते हसले, पण मधपाळांनी उत्तर दिलं. शेतात कांद्याचं फूल महिनाभर असतं. माशीला मात्र उरलेले अकरा महिने खावं लागतं. बांधावर शेवगा असेल, करंज असेल, बोर असेल, बाभूळ असेल, पावसाळ्यात गवतातली रानफुलं असतील, तर फुलोरी आणि सातेरी तिथे आपणहून राहतात आणि कांदा फुलला की समोर हजर असतात. बांध साफ केला, जाळला, तणनाशक मारलं की पिकाचं फूल येतं त्या महिन्यात माशी नसते, मग टेम्पो बोलवायचा.

मामांचा बांध मी आज पहिल्यांदा त्या नजरेनं पाहिला. कोपऱ्यात एक बोर, एक करंज, बाकी काळी माती. मागच्या वर्षी जेसीबीनं सारखा केलेला, दीड फूट जमीन वाढली म्हणून सगळे खूश होते.

पान २० या बांधाचं असेल. मजकूर अजून नाही.

२४ मार्च

बी काढणी सुरू. गोंड्यावरची थोडी बोंडं उकलून काळे दाणे दिसायला लागले की तोडायचं, सगळी उकलायची वाट पाहिली तर बी गळून जातं. सगळे गोंडे एकदम तयार होत नाहीत, म्हणून दोन-तीन वेळा तोडणी.

माझे सहा मी स्वतः तोडले. पिशवीतल्या तीनपैकी एक बाद करावा लागला, सुतळी सैल होऊन पिशवी एका बाजूनं उघडी पडली होती, कधीपासून ते कळायला मार्ग नाही. उरलेले दोन आणि लोकरीचे तीन वेगवेगळ्या ताटांत वाळत घातले.

हातात घेतानाच फरक कळतो. लोकरीचा गोंडा दाबला की आत खडबडीत, भरीव लागतो. पिशवीतला चुरचुरीत, वाळलेल्या फुलांच्या गुच्छासारखा. बरीच फुलं हिरवा गोळा न धरता तशीच सुकली आहेत.

२९ मार्च

गोंडे चोळले, सुपानं फोलपट उडवलं. लोकरीच्या प्रत्येक गोंड्याचं बी चहाचा चमचा भरून थोडं वर. पिशवीतल्या दोन्हींचं मिळून चमच्याचा तळ झाकला जाईल इतकं. अगदीच शून्य नाही. जाळीतून फुलकिडे आत जातात, वाऱ्यानं गोंडा हलून फुलाला फूल लागतं, थोडा पराग तसाही पोचतो. शिवाय पिशवीनं ऊन अडवलं, आत दमटपणा राहिला, त्याचाही वाटा असणार. पुढच्या वेळी एका गोंड्याला माश्या जाऊ शकतील अशा मोठ्या भोकांची पिशवी बांधायला हवी, म्हणजे सावलीचा परिणाम वेगळा कळेल. हे शाळेतल्या सरांना सांगून ठेवलं.

३१ मार्च

शाळेत शेवटचं वाचन. दोन्ही बियाणी पुड्यांत नेली होती. भाड्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला म्हटलं, पाण्याच्या वाटीत टाक. बियाणं निवडायची मामांची रीत तीच: भरलेलं बी तळाला जातं, पोचट तरंगतं, दोन-तीन मिनिटांत बुडालेलं काढून सावलीत सुकवायचं.

पहिल्या वाटीत काळे दाणे टपटप खाली गेले, वर थोडेसे राहिले. दुसऱ्या वाटीत बरेचसे वर तरंगले आणि काठाशी गोळा झाले. तिनं बोटानं ते खाली दाबून पाहिले. ते पुन्हा वर आले.

तिनं बुडालेले मोजले, पहिल्या वाटीतले नाही, दुसऱ्याच. एकोणीस. मग विचारलं, "हे एकोणीस कुणी केले?"